चॅनेल मुलीचं, खातं आईचं

उदाहरण म्हणून मिरजेतलं एक घर घेऊ. मुलगी अकरावीत, वय सोळा पूर्ण. वडील प्राध्यापक, आई घरीच ब्लाउज शिवते. मुलगी दोन वर्षांपासून यूट्यूबवर ठिपक्यांच्या रांगोळीचे व्हिडिओ टाकते आहे. यंदा दिवाळीच्या आधी ते धडाधड चालले. १,००० सबस्क्रायबर झाले, बारा महिन्यांत ४,००० तास बघितले गेल्याची अट पूर्ण झाली आणि यूट्यूब स्टुडिओत कमाईसाठी अर्ज करायचं बटण दिसू लागलं. तिने ते दाबलं. अटी मान्य केल्या. पुढच्या पायरीवर पैसे घेण्यासाठी ॲडसेन्स खातं जोडायला सांगितलं, आणि तिथे अट होती वय १८ पूर्ण असण्याची.

अशा वेळी घरात दोन सल्ले येतात. वर्गातला एखादा मुलगा सांगतो, "जन्मसाल बदल की, कोण बघतंय?" आणि एखादा काका सांगतो, "बाबांचा खाते नंबर टाक, झालं काम." पहिला सल्ला सरळ चुकीचा आहे. दुसरा अर्धाच बरोबर आहे, आणि बहुतेक घरांचे पैसे त्याच्या उरलेल्या अर्ध्यात अडकतात. नुसता खाते नंबर पालकांचा देऊन भागत नाही. पैसे घेणारी व्यक्ती म्हणूनच पालकाला पुढे यावं लागतं.

यामागचं कारण कंपनीच्या हट्टात नाही, आपल्याच कायद्यात आहे. १८७२च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे अज्ञान व्यक्ती करार करायला पात्र नाही. अशा मुलाशी केलेला करार मुळातच शून्य, असा निकाल प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात दिला आणि आजही तोच पायाभूत मानला जातो. त्या खटल्यात एका अल्पवयीन मुलाने घर गहाण ठेवून कर्ज घेतलं होतं आणि सावकाराला ते वसूल करता आलं नाही. म्हणजे जाहिरातींच्या पैशाचा करार सोळा वर्षांच्या मुलीशी केला आणि उद्या तिने खोट्या क्लिक केल्या किंवा दुसऱ्याचं संगीत ढापलं, तर कंपनीला तिला जबाबदार धरता येत नाही. म्हणून कंपनीला समोर सज्ञान माणूस लागतो. व्हिडिओ टाकायला वयाची अट सैल असते आणि पैसे घ्यायला कडक असते, याचं उत्तर इथे आहे. भारतात गुगल खातं स्वतः चालवायला १३ वर्षं पुरतात. पैशाच्या कराराला १८ लागतात.

आता मिरजेच्या मुलीने करायचं काय? तिचं गुगल खातं आणि चॅनेल खऱ्या जन्मतारखेसह तिचंच राहू द्यायचं. ॲडसेन्स जोडायची पायरी आली की स्टुडिओ विचारतो, कोणत्या गुगल खात्याने पुढे जायचं? तिथे आपल्या जीमेलने न जाता आईच्या जीमेलने आत जायचं आणि आईच्या नावाने ॲडसेन्स खातं उघडायचं. ही चोरवाट नाही. अठराच्या आतल्या मुलांनी पालकांच्या खात्यातून अर्ज करावा, हा गुगलनेच सांगितलेला रस्ता आहे. त्याची अटही स्पष्ट आहे: त्या ॲडसेन्स खात्यावर जे काही घडेल त्याला पालक सर्वस्वी जबाबदार. म्हणून आईने नुसता ओटीपी सांगून स्वयंपाकघरात परत जाऊ नये, मुलीशेजारी बसून तो पडदा वाचावा. सही तिची आहे.

आई की बाबा, हे ठरवताना घरात सहसा "ज्याचा फोन जवळ असेल तो" असा निकष लावला जातो. खरा निकष नावाचा आहे. ॲडसेन्समधलं नाव, ओळखपत्रावरचं नाव, करविषयक फॉर्ममधलं नाव आणि बँक खात्यावरचं नाव, ही चारही एकाच व्यक्तीची आणि एकाच पद्धतीने लिहिलेली असायला हवीत. आपल्याकडे आयांच्या बाबतीत नेमकी इथेच अडचण येते. पॅन लग्नाआधी काढलेलं, त्यावर माहेरचं नाव. आधार लग्नानंतर दुरुस्त केलेलं, त्यावर सासरचं. बँकेत मधलं नाव नुसत्या आद्याक्षराने. मराठीत वाचताना आपल्याला ही एकच बाई वाटते. यंत्राला त्या तीन वाटतात. ओळख पडताळणीत अर्ज फेटाळला जातो, किंवा पडताळणी कशीबशी पार पडून पैसे बँकेतून परत जातात. अर्ज करण्याआधी एका संध्याकाळी ही तीन कागदपत्रं शेजारीशेजारी ठेवून स्पेलिंगचं एकेक अक्षर ताडून बघावं. आईच्या नावात फरक असेल तर आधी पॅन दुरुस्त करून घ्यावं, नाहीतर वडिलांच्या नावाने जावं. पण एकदा ठरलं की अर्धं आईचं आणि अर्धं बाबांचं असं करू नये. ॲडसेन्स आईचं आणि बँक खातं एकट्या बाबांचं, ही जोडी चालत नाही. दोघांचं संयुक्त खातं असेल आणि त्यात आईचं नाव असेल तर अडचण येत नाही.

आणखी एक गोष्ट आधी तपासावी. एका व्यक्तीच्या नावाने एकच ॲडसेन्स खातं चालतं. वडिलांनी दहा वर्षांपूर्वी ब्लॉग काढून त्याला ॲडसेन्स जोडलं असेल आणि विसरले असतील, तर नवा अर्ज दुबार म्हणून फेटाळला जातो. अशा वेळी जुनं खातं शोधून तेच चॅनेलला जोडावं किंवा रीतसर बंद करावं.

खातं मंजूर झालं म्हणजे पैसे लगेच येत नाहीत. जमा रक्कम १० डॉलरपर्यंत पोचली की गुगल आईच्या पत्त्यावर साध्या टपालाने एक पिन पाठवतं. ते पत्र रजिस्टर्ड नसतं, पोस्टमनला सही लागत नाही, त्याचा माग काढता येत नाही. दोन ते चार आठवडे लागतात आणि पुष्कळ पत्रं हरवतात, कारण आपण पत्ता ॲपवरून जेवण मागवताना लिहितो तसा लिहितो: अमक्या मेडिकलच्या मागे, तमक्या शाळेसमोर. पोस्टमनला ओळखू येईल असा घर क्रमांक, वाड्याचं किंवा सोसायटीचं नाव आणि सहा आकडी पिनकोड लिहावा, आणि त्या भागाच्या पोस्टमनला आधी सांगून ठेवावं. पत्र आलं नाही तर पुन्हा मागवता येतं. पण पहिला पिन निघाल्यापासून चार महिन्यांत तो भरला नाही, तर जाहिराती थांबतात.

मग अमेरिकन कराचा फॉर्म. मिरजेतल्या रांगोळीशी अमेरिकेचा काय संबंध, असं वाटून अनेक घरं हा टप्पा सोडून देतात आणि नुकसान करून घेतात. अमेरिकेत बसलेल्या प्रेक्षकांमुळे झालेल्या कमाईवर गुगलला तिथला कर कापावा लागतो. आईने `W-8BEN` हा फॉर्म भरून आपण भारतात राहतो हे सांगितलं, त्यात आपलं पॅन दिलं आणि भारत-अमेरिका कर कराराचा लाभ मागितला, तर फक्त अमेरिकन प्रेक्षकांच्या हिश्शावर १५ टक्के कापले जातात. फॉर्मच भरला नाही, तर व्यक्तिगत खात्यावर जगभरच्या सगळ्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. समजा, महिन्याला १५० डॉलर झाले आणि त्यातले २० डॉलर न्यू जर्सी-कॅलिफोर्नियातल्या मराठी बायकांनी बघितल्यामुळे मिळाले. फॉर्म भरला असेल तर कपात ३ डॉलर. नसेल तर ३६. फॉर्म मुलीच्या नावाने भरायचा नाही, ॲडसेन्स ज्याच्या नावाचं त्याच्याच नावाने भरायचा.

जमा रक्कम १०० डॉलर झाली की पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेदरम्यान पैसे निघतात. बँकेचा आयएफएससी कोड आपल्याला पाठ असतो. इथे त्याशिवाय स्विफ्ट कोडही लागतो, आणि लहान शाखेला तो स्वतःचा नसतो. बँकेत जाऊन विचारावं, "परदेशातून येणारे पैसे आपल्या शाखेसाठी कोणत्या स्विफ्ट कोडवर घेता?" पहिल्या वेळी बँक पैसे कशाचे म्हणून विचारते. सरळ सांगावं, जाहिरातीचं उत्पन्न. नातेवाइकाने पाठवले, घरखर्चासाठी आले, असलं काही सांगू नये. तिथे सांगितलेलं कारण पुढे आयकराच्या वेळी समोर येतं.

या कामासाठी आईच्या नावाने एक वेगळं बचत खातं काढावं, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. ज्यात वडिलांचा पगार येतो, ज्यातून घराचा हप्ता जातो, ते खातं मुलांच्या ऑनलाइन कमाईला कधीही देऊ नये. यूट्यूबपुरता विचार केला तर धोका कमी आहे, कारण पैसे एकाच ठिकाणाहून येतात. पण सोळा-सतरा वर्षांची मुलं फक्त यूट्यूबवर कमवत नाहीत. कुणी दुसऱ्यांचे व्हिडिओ एडिट करून देतं, कुणी थंबनेल बनवतं, कुणी इन्स्टाग्रामवर क्रोशाच्या वस्तू विकतं, कुणी गेम खेळणाऱ्यांसाठी लोगो काढतं. हे पैसे अनोळखी माणसांकडून आईच्या यूपीआयवर येतात, दोनशे, पाचशे, दीड हजार असे. एखाद्या वेळी पाठवणाऱ्याकडे आलेले पैसेच फसवणुकीतले असतात.

तेव्हा घडतं ते असं. सोलापुरात कुणाची तरी फसवणूक होते, तो १९३० वर तक्रार करतो. पोलिस आणि बँका पैशाचा माग काढत एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात जातात. तिसऱ्या खात्यातून दीड हजार रुपये थंबनेलचे म्हणून मिरजेच्या आईला आलेले असतात. आईच्या खात्यावर तेवढ्या रकमेची अटकाव नोंद पडते, कधी अख्खं खातंच गोठवलं जातं. मुलाने प्रामाणिकपणे काम केलेलं असतं. पण नोटीस येते आईला, तीही परजिल्ह्यातल्या किंवा परराज्यातल्या पोलिस ठाण्याची, आणि खातं घराच्या हप्त्याचं असेल तर हप्ता चुकतो. वेगळं खातं असेल तर हे संकट तिथल्या दोन-चार हजारांपुरतं राहतं. शिवाय काम काय होतं, कुणी सांगितलं, कधी पाठवलं याचे चॅट आणि फाइली जपून ठेवल्या असतील, तर पोलिसांना आणि बँकेला दाखवायला हातात काहीतरी असतं.

यातला वाईट प्रकार ओळखायच्या काही खुणा आहेत आणि त्या मुलांना स्पष्ट शब्दांत सांगायला हव्यात. काम एकाने दिलं आणि पैसे तिसऱ्याच नावाने आले. पाचशे ठरले होते, पाच हजार आले आणि लगेच फोन: "चुकून जास्त गेले, बाकीचे या नंबरवर पाठव." कुणी म्हणालं, "काम काही नाही, फक्त आईचं खातं आठवडाभर वापरायला दे, टक्केवारी देतो," किंवा एटीएम कार्ड आणि सिम मागितलं. शेवटचा प्रकार म्हणजे उघड गुन्ह्यात सामील करून घेणं आहे, त्यात कमाईचा अंशही नाही. जास्त आलेले पैसे स्वतः कुठल्याही नंबरवर परत पाठवू नयेत. बँकेला लेखी कळवावं आणि ज्या खात्यातून आले तिथेच बँकेमार्फत परत जाऊ द्यावेत. शंका असेल तर १९३० हा क्रमांक आणि cybercrime.gov.in हे संकेतस्थळ तक्रारीसाठीच आहे.

आता वय लपवण्याच्या त्या पहिल्या सल्ल्याकडे येऊ. पुष्कळ घरांत खोटी जन्मतारीख मुद्दाम ठरवून दिलेली नसतेच. मूल आठ वर्षांचं असताना गेमसाठी जीमेल काढलं, तेराच्या खाली चालेना म्हणून दादाने १९९८ टाकलं, आणि तेच खातं आज चॅनेलचं खातं झालंय. कागदोपत्री ही मुलगी आता सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची. तिला ॲडसेन्सच्या वयाची अट आडवी येत नाही, ती स्वतःच्याच नावाने पुढे जाते, आणि पैसे जमू लागल्यावर ओळखपत्र मागितलं जातं. आधार किंवा पॅनवरची तारीख वेगळी निघते. मग खातं बंद, आणि चॅनेलचं उत्पन्न थांबतं ते अशा वेळी, जेव्हा व्हिडिओ सर्वांत जास्त चालत असतात. शिवाय वय आता नुसत्या भरलेल्या तारखेवर ठरत नाही. अमेरिकेत ऑगस्ट २०२५ पासून यूट्यूबने बघण्याच्या सवयींवरून वयाचा अंदाज घ्यायला सुरुवात केली आहे. म्हणून पैशाचा अर्ज करण्याआधी गुगल खात्यातली जन्मतारीख तपासावी. चुकीची असेल तर अर्जाच्या आधीच दुरुस्त करावी. मूल तेराच्या वर असेल तर या दुरुस्तीने चॅनेल जात नाही. थोड्या गोष्टी बंद होतात. उदाहरणार्थ, २२ जुलै २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना एकट्याने लाइव्ह करता येत नाही, सोबत मोठं माणूस दिसावं लागतं. मिरजेच्या मुलीला सोळा पूर्ण झाली असल्याने तोही प्रश्न नाही.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. व्हिडिओ टाकताना विचारलं जातं, हा व्हिडिओ मुलांसाठी बनवला आहे का? कित्येक मुलं प्रामाणिकपणे "हो" म्हणतात, कारण आपण लहान आहोत. प्रश्न बनवणाऱ्याच्या वयाचा नाही, बघणाऱ्याच्या वयाचा आहे. बालगीतं, खेळणी, लहानग्यांच्या गोष्टी यांना "हो" म्हणायचं. रांगोळी शिकणाऱ्या प्रेक्षक मोठ्या बायका असतील तर उत्तर "नाही". "हो" म्हटलं की त्या व्हिडिओवर प्रेक्षकांच्या आवडीनुसार लावल्या जाणाऱ्या जाहिराती दिसत नाहीत आणि टिप्पण्याही बंद होतात. उत्पन्न घसरतं ते यामुळे, आणि मुलं महिनोन्महिने कारण शोधत बसतात.

सगळ्या ठिकाणी यूट्यूबसारखी वाट मोकळी नसते. फायव्हर या कामं मिळवून देणाऱ्या संकेतस्थळावर १३ ते १७ वयाच्या मुलांना काम करता येतं, पण खातंच पालकांच्या मालकीचं असावं लागतं. अपवर्कवर अठराच्या आत प्रवेशच नाही. तिथे वडिलांच्या नावाने खातं काढून मुलाने काम करायचं, असा प्रकार सर्रास चालतो. तो नियमाला धरून नाही, कारण तिथे ज्याची ओळख त्याचंच काम अशी अट आहे आणि पडताळणी कधी व्हिडिओ कॉलवरही होते. वडील पडद्यासमोर बसतात आणि व्हिडिओ एडिटिंगमधलं त्यांना काहीच सांगता येत नाही. तिथले अडकलेले पैसे मग सहज सुटत नाहीत. म्हणून कुठलंही संकेतस्थळ निवडताना किमान वय किती एवढंच बघू नये. खातं मुलाचं आणि पैसे पालकांना, खातंच पालकांचं, की मुलाला पूर्ण मनाई, यातलं नेमकं काय आहे ते अटींमध्ये वाचावं.

पैसे आईच्या खात्यात आले. आता ते कुणाचे? आयकराच्या दृष्टीने या प्रश्नाला स्पष्ट उत्तर आहे, आणि ते बहुतेक घरांना माहीत नसतं. साधारण नियम असा की अल्पवयीन मुलाचं उत्पन्न आईवडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात मिळवायचं. पैसे कुणाच्या खात्यात आले याला इथे महत्त्व नाही. म्हणजे "आईला उत्पन्न नाही, तिच्या खात्यात घेतलं की कर लागणार नाही" हा हिशेब मुळातच चुकतो. पण याच नियमाला एक मोठा अपवाद आहे. मुलाने स्वतःच्या अंगमेहनतीने किंवा स्वतःचं कौशल्य, गुण, विशेष ज्ञान वापरून कमावलेलं उत्पन्न पालकांत मिळवायचं नाही. ते मुलाचंच. १९६१च्या आयकर कायद्यातल्या कलम ६४(१ए) मध्येच ही तरतूद होती आणि २०२५च्या नव्या कायद्यातही तिचा आशय कायम आहे.

याचा फरक किती पडतो, ते याच घराच्या आकड्यांवर बघू. वर्षात ब्रँडचे पैसे धरून मुलीने १ लाख ८० हजार कमावले, जे रांगोळीच्या चॅनेलला चांगलेच म्हणायचे. वडिलांचं करपात्र उत्पन्न १७ लाख. ही कमाई चुकून वडिलांच्या उत्पन्नात मिळवली तर २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत ती २० टक्क्यांच्या टप्प्यात पडते. कर ३६,००० आणि वर ४ टक्के उपकर, मिळून ३७,४४०. तीच कमाई मुलीची म्हणून धरली तर ४ लाखांपर्यंत करच नाही.

मात्र ती मुलीचीच आहे हे दाखवता यायला हवं, कारण कागदावर पैसे आईला आलेले असतात. म्हणून मुलीच्या नावाने पॅन काढून ठेवावं. अल्पवयीनांना पॅन मिळतं, अर्ज पालक करतात, आणि त्या कार्डावर फोटो व सही नसते. ब्रँडशी करार करताना सातबाऱ्यावर अज्ञान वारसाच्या नावापुढे जसं "अ.पा.क. आई" लिहितात, तसं मुलीचं नाव आणि पालक म्हणून आईची सही, असा कागद करावा. बिल मुलीच्या नावाने द्यावं. ब्रँडने टीडीएस आईच्या पॅनवर कापला तर ती रक्कम आईच्या करविवरणात दिसते आणि मुलीची कमाई म्हणून दाखवलेल्या हिशेबाशी जुळत नाही. तेव्हा करारातच मुलीचं पॅन द्यावं, आणि झाली असेल गडबड तर पहिल्याच वर्षी सनदी लेखापालाकडे जावं.

अपवाद कौशल्याला आहे, हे शब्दशः घ्यावं. रांगोळी मुलगी काढते, संकलन ती करते, बोलते ती, तर उत्पन्न तिचं. पण कल्पना आईची, चित्रीकरण आईचं, संकलन बाबांचं आणि मुलगा फक्त समोर उभा, तर हे मुलाच्या कौशल्याचं उत्पन्न म्हणणं अवघड आहे. दोन वर्षांच्या बाळाच्या चॅनेलचं उत्पन्न हे सरळ आईवडिलांचं उत्पन्न आहे. आणि मुलीने साठवलेल्या पैशांची मुदत ठेव केली, तर तिचं व्याज पुन्हा पालकांच्याच उत्पन्नात मिळवावं लागतं, मूळ पैसा कौशल्याचा असला तरी. व्याज कमवायला कौशल्य लागत नाही.

आईच्या खात्यात आलेला पैसा तिथेच मुरू देऊ नये. दर महिन्याला मुलीच्या स्वतःच्या खात्यात वळवावा. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये बँकांना दिलेल्या सूचनांनुसार दहा वर्षांवरील मुलांना स्वतः चालवता येईल असं बचत किंवा मुदत ठेव खातं उघडता येतं. मर्यादा प्रत्येक बँक आपल्या धोरणाप्रमाणे ठरवते, त्या खात्यात उधारी मिळत नाही, शिल्लक नेहमी जमेची असावी लागते. पालक म्हणून आईलाही मुलांचं खातं उघडता येतं, वडीलच हवेत असं नाही. व्यवहाराच्या शेऱ्यात प्रत्येक वेळी महिना आणि "यूट्यूब" एवढं लिहिलं तरी वर्षअखेर हिशेब आपोआप तयार होतो. कॅमेरा, प्रकाशासाठीचा दिवा, रांगोळीचे रंग यांची बिलं मुलीच्या नावाने ठेवली तर खर्च वजा करताना उपयोगी पडतात.

हे मी आग्रहाने सांगतो, कारण घरात मुलांच्या पैशाचा हिशेब ठेवायची पद्धत नाही. बाहेर कायद्याने तो ठेवावा लागतो. चित्रपट-मालिकांत काम करणाऱ्या चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी २०१७ साली नियम झाले: दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, तीन तासांच्या वर सलग काम नाही, आणि मिळकतीतले किमान २० टक्के मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकायचे, जे त्याला सज्ञान झाल्यावर मिळतील. निर्मात्याच्या सेटवर हे तपासायला माणूस येऊ शकतो. मिरजेच्या माजघरात रात्री अकरा वाजता चाललेलं चित्रीकरण कोण तपासणार? दिवाळीत मुलगी पहाटे चारपासून रांगोळ्या काढत बसली आणि सहामाहीचे पेपर बुडाले, तर थांबवायचं काम पैसे ज्यांच्या खात्यात येतात त्याच आईबाबांनी करायचं आहे. त्यांनी वीस टक्क्यांवर थांबू नये. शंभरातले शंभर मुलीचे, आणि घराला गरज पडली तर तिला विचारून, लिहून घ्यावेत.

मुलगी अठरा वर्षांची झाली की पुन्हा कागद हलवावे लागतात. आईच्या ॲडसेन्स खात्यावरचं नाव बदलून मुलीचं करता येत नाही. मुलीने आपल्या जीमेलने स्वतःचं नवं ॲडसेन्स खातं काढायचं, त्याची ओळख पडताळणी, टपालाचा पिन आणि कराचा फॉर्म पुन्हा नव्याने करायचा, आणि यूट्यूब स्टुडिओत जाऊन चॅनेलला जोडलेलं खातं बदलायचं. हा बदल ३२ दिवसांतून एकदाच करता येतो, त्यामुळे चुकीचं खातं जोडलं गेलं तर महिनाभर थांबावं लागतं. आधीची कमाई आईच्याच खात्यात राहते, म्हणून ती रक्कम १०० डॉलरच्या वर जाऊन बँकेत आल्यावरच खातं बदललेलं बरं. बँकेतल्या तिच्या खात्यासाठी नवी सही, नवं केवायसी द्यायचं. पॅनवर फोटो आणि सही घालून घ्यायची. वाढदिवसानंतरच्या पहिल्या महिन्यात हे उरकलं की पुढचा ब्रँड करार ती स्वतःच्या सहीने करू शकते.